वाटीभर पातळ वरणाचा हिशोब

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर नर्सिंगची विद्यार्थिनी आठवडाभराच्या फिरतीवर आली आहे. अंगणवाडी ताईंच्या यादीतून तिच्या वाट्याला 14 महिन्यांची एक मुलगी आली. ‘पोर बारीकच आहे, पण खाते चांगली,’ असं आजी सांगते. उदाहरणापुरतीच घेतलेली ही मुलगी असली, तरी तिच्यासारखी मुलं जव्हार-मोखाड्याकडे नवी नाहीत.

तपासणीची सुरुवात पायांपासून होते. दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबून धरायचा आणि खड्डा राहतो का ते पाहायचं. हे आधी करायला हवं, कारण सूज असली की वजनकाटा फसवतो. अंगात साठलेलं पाणी वजनात भरतं आणि खंगलेलं मूल बरं दिसतं. दोन्ही पावलांवर खड्डा राहिला तर बाकीची मापं काहीही सांगोत, मूल तीव्र कुपोषित धरतात आणि थेट रुग्णालयाकडे पाठवतात.

या मुलीला सूज नाही. मग डाव्या दंडाची पट्टी. हात कोपरात दुमडून खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतचा मध्य काढायचा, खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. नवशिक्यांची चूक इथेच होते: पट्टी घट्ट ओढली जाते आणि पिवळ्या रंगातलं मूल लालमध्ये जातं. 115 मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. 115 ते 125च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम. मुलीचा घेर 120 भरला. कपडे उतरवून घेतलेलं वजन 6.9 किलो, झोपवून मोजलेली उंची 72 सेंटिमीटर. तक्त्यातही ती मध्यम कुपोषणाच्याच पट्ट्यात बसते. ताप, जुलाब, सततचा खोकला नाही, घरात क्षयाचा रुग्ण नाही. म्हणजे तिच्यावर घरीच उपचार होऊ शकतात.

आता आजीचं ‘चांगली खाते’ तपासायचं. विद्यार्थिनी कालचा दिवस विचारते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वाटीभर वरणाचं पाणी आणि त्यात चिमूटभर भात, संध्याकाळी पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, रात्री पुन्हा वरण. अंगावरचं दूध चालू आहे. आजी खोटं बोलत नव्हती. वाटी खरंच रिकामी होते, पण तिच्यात होतं बहुतेक पाणीच. एवढ्या मुलीच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिलिलिटर मावतं. ते पाण्याने भरलं की मूल तोंड फिरवतं आणि घरच्यांना वाटतं, पोट भरलं.

भरून निघण्यासाठी तिला किलोमागे साधारण 120 कॅलरी हव्यात, म्हणजे दिवसाला 830च्या आसपास. अंगावरच्या दुधातून सुमारे 350 मिळतात असं धरलं तर उरलेल्या 480 वाटीतून यायला हव्यात, आणि त्याही पाच वेळांत वाटून.

सकाळी मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं 20 ग्रॅम सत्त्व, थोडा गूळ आणि चमचाभर तूप: 130. मोड येताना धान्यात असे पाचक रस तयार होतात की पीठ शिजून घट्ट गोळा होत नाही. म्हणून जास्त पीठ घातलं तरी खीर गिळता येते. साध्या पिठाची खीर तेवढीच पातळ करायला पाणी वाढवावं लागतं, आणि मग पुन्हा तेच. त्यानंतर एक अंडं, 75. आदिवासी भागात ते अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मिळतं. दुपारी 25 ग्रॅम तांदूळ आणि 10 ग्रॅम मूगडाळीची मऊ खिचडी, वरून चमचाभर तेल: 165. तिसऱ्या प्रहरी कुस्करलेलं अर्धं केळं, 45. रात्री वरणात भाकरी कुस्करून पुन्हा चमचाभर तेल, 120. एकूण 535. हे 55 जास्त मुद्दाम ठेवले आहेत, कारण अर्धा घास फ्रॉकवर जातो.

या आखणीत महागडं काही नाही. सगळ्यात मोठा फरक तेलाच्या चमच्याने पडतो. एका चमच्यात 45 कॅलरी आणि जागा जवळपास शून्य. पण आजी म्हणते, ‘तेलाने खोकला होतो.’ विद्यार्थिनी वाद घालत नाही. पहिले तीन दिवस अर्धाच चमचा घाला, असं ठरतं. चहा जेवणापासून दूर ठेवायचा, कारण त्यामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

आठवड्याने पुन्हा वजन. आठवड्यामागे 100 ते 150 ग्रॅम वाढ दिसली तर आखणी लागू पडते आहे. दोन आठवडे काटा हललाच नाही, तर घास खरंच तिच्याच तोंडात जातो का हे आधी पाहायचं, मग डॉक्टर. ताप, सुस्ती, खाणं बंद किंवा पावलावर सूज दिसली तर आठवडा थांबायचं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न आखणीच्या वहीत मावत नाही. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातील. मुलगी सोबत गेली तर नाचणी कोण भिजवणार? म्हणून विद्यार्थिनी आजीलाच शेजारी बसवून दोन किलो नाचणीला मोड आणून दळून घेते, डबा भरून देते, आणि मुलीची उंची, वजन, दंडाचा घेर एका कागदावर लिहून आईच्या हातात देते: भट्टीजवळच्या अंगणवाडीत हा दाखवा.