पहिल्या वसुलीपर्यंत फुकट

जिओची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 5 सप्टेंबर 2016 ला सुरुवात, 31 मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट, मग 99 रुपयांची प्राइम मेंबरशिप आणि महिना 303 रुपयांचा प्लॅन. माणगावात एसटी स्टँडजवळ, एका गाळ्याच्या वरच्या खोलीत, दुधाच्या रतिबाचे आणि खानावळीचे हिशेब ठेवणारं छोटं अ‍ॅप तयार होत होतं, तेव्हा किमतीचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास निघायची. मी तिथे आकडेमोड करायला बसायचो, म्हणून आतलं सांगतो. जिओमागे रिलायन्स होती; या अ‍ॅपमागे एका भागीदाराच्या सासऱ्यांची मुदत ठेव होती. ‘समर सरप्राइज’ म्हणून आणखी तीन महिने सवलत द्यायला निघालेल्या जिओला एप्रिल 2017 मध्ये ट्रायने आवरलं. आमच्याकडे ते काम सासऱ्यांनी केलं.

भागीदार दोन. एक कोड लिहिणारा, लोणेऱ्याच्या विद्यापीठातून बाहेर पडलेला. दुसरा बाजारात फिरून गिऱ्हाईक आणणारा. कोडवाल्याचं म्हणणं, ट्रायल सात दिवसांची, कारण सगळे सातच देतात. त्याचंच चाललं. दूधवाले नाव नोंदवत, साठेक घरं भरत, रोजचे खाडे मांडत आणि आठव्या दिवशी पैसे मागितले की गायब होत. अ‍ॅप लोकांना आवडत नाही, असा निष्कर्ष निघाला, सुतकी शांतता पसरली. मग कोणीतरी नोंदणीच्या तारखा लावून पाहिल्या. आठ-दहा तारखेला आलेले पळत होते, पंचवीस-सव्वीसला आलेले टिकत होते. कारण साधं होतं. रतिबाच्या वहीचा सगळा वैताग एक तारखेला असतो, घरागणिक बिल काढताना. ज्याच्या सात दिवसांत एक तारीख पडली त्याला अ‍ॅप कशासाठी आहे ते दिसलं, बाकीच्यांनी नुसती हमाली केली.

मग बाजारवाला जिंकला आणि ट्रायल महिन्याची झाली. त्यातही गोम होती. एवढे दिवस हातात आहेत म्हटल्यावर लोक घरं भरायचं काम उद्यावर ढकलत, आणि ज्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत घरं भरली नाहीत तो पुढे भरतच नसे. तोडगा निघाला तो असा, की ट्रायल दिवसांत मोजायचीच नाही; पहिलं बिल निघेपर्यंत फुकट. प्ले स्टोअरच्या तयार ट्रायलमध्ये दिवस आधीच ठरवून टाकावे लागतात, म्हणून ही मुदत अ‍ॅपच्या आतच मोजली. भागीदारांनी एकमेकांना टाळी दिली. एका दूधवाल्याने मात्र महिनाभर नोंदी केल्या, एक तारखेला पडद्यावरच्या बेरजा वहीत उतरवल्या, बिलं हातानेच लिहिली आणि पुढच्या महिन्याच्या नोंदी पुन्हा फुकट सुरू केल्या. नियमातली फट आमच्याआधी त्याला सापडली होती.

फट बुजवायला मुदत एक तारखेशी बांधली. महिना बदलला की ट्रायल संपली, दोन तारखेला यूपीआय ऑटोपेने पैसे कापायचे. ज्यांनी होकार दिला होता त्यांतल्याही बऱ्याच जणांचे पैसे आले नाहीत. कोडवाल्याने खापर रिझर्व्ह बँकेवर फोडलं. 1 ऑक्टोबर 2021 पासून आपोआप कापायच्या रकमेची सूचना ग्राहकाला 24 तास आधी द्यावी लागते. ती पाहून लोक सावध होतात आणि रद्द करतात, असं त्याचं निदान. नोंदी उघडल्या तर रद्द करणारे थोडेच होते. बहुतेकांच्या खात्यात पैसेच नव्हते. दूधवाला एक तारखेला बिल वाटतो, पैसे त्याच्या हातात येतात पाच ते दहाच्या दरम्यान. आम्ही ज्याला गळती म्हणत होतो ती उधारी होती. ट्रायल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत नेली, आणि ‘सोडून गेलेले’ बरेचसे काही न करता परत आले.

किमतीवरचं भांडण मात्र फळ्यावर मांडलं. 99 रुपये घेतले तर प्ले स्टोअरचे 15 टक्के जाऊन 84 उरतात. अंदाज असा धरला, की शंभर जण ट्रायल सुरू करतील, चाळीस पहिल्या बिलापर्यंत पोचतील, बारा पैसे देतील. म्हणजे महिन्याला हजारेक रुपये. बाजारवाल्याचा आग्रह 49 चा होता, ‘थोडे जास्त लोक येतील’ म्हणून. पण 49 मधून हाती राहतात साडेएकेचाळीस. तेवढेच हजार जमवायला बारांच्या जागी पंचवीस हवेत, म्हणजे बिलापर्यंत पोचलेल्या चाळिसांतले निम्म्याहून जास्त. किंमत निम्मी केली तर थोडे जास्त लोक पुरत नाहीत, दुप्पट लागतात. शिवाय बिलाचे एसएमएस ट्रायलमध्येही जातातच. एकाची साठ घरं, दोन मेसेज, वीस पैशांचा एक: 24 रुपये. चाळीस जणांचे 960, आणि ते फेडणार बाराच. डोई 80. पहिल्या महिन्याच्या 84 मधून उरले चार. खर्च न धरता 49 मागणारा बाजारवाला त्या दिवशी चहाचे पैसे न देता गेला.

तरी त्याने हट्ट सोडला नाही. तडजोड म्हणून निम्म्यांना 79 आणि निम्म्यांना 99 दाखवायचं ठरलं. वीस-वीस जणांत 79 वाल्यांतून तीन आले, 99 वाल्यांतून दोन. बाजारवाला विजयी चेहऱ्याने हिंडला. वास्तविक एवढ्याशा आकड्यांत एका माणसाचा फरक म्हणजे काहीच नाही, आणि तिघांतला एक त्याचाच मावसभाऊ निघाला. पण प्रयोग बुडाला तो गणिताने नव्हे. 79 वाला आणि 99 वाला एकाच टपरीवर चहाला भेटले. दुसऱ्या दिवशी पाचही जण 79 च देऊ लागले. लहान गावात दोन किमती एकाच वेळी तपासता येत नाहीत; एकीनंतर दुसरी, आणि तीही फक्त नव्या माणसांना. जुन्या पाचांना 79 तसेच ठेवून पुढच्यांना 99 लावले.

मध्येच कोणीतरी सुचवलं, रद्द करायचं बटण जरा आत सरकवू. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत सदस्यत्वाचा सापळा नावानिशी आहे, हे मी वाचून दाखवलं. कोणावर परिणाम झाला नाही. बाजारवाला एवढंच म्हणाला, ‘बटण सापडलं नाही तर ते जिना चढून वर येतील.’ बटण जागेवर राहिलं.

शेवटचा वार लोणेऱ्याच्या एका खानावळवाल्याचा. वार्षिक योजना आम्ही 990 ला काढली: दहा महिन्यांचे पैसे, दोन महिने मोफत. टिकवून धरायचा हुकमी एक्का, असं भागीदार दोघेही, पहिल्यांदाच, एकमताने म्हणाले. खानावळवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. ‘पोरं सुट्टीला गेली की माझी मेस दोन महिने बंदच असते,’ तो म्हणाला. ‘दहा महिने महिन्याला 99 दिले तरी 990 च होतात. मग तुमचे पैसे आधी कशाला देऊ?’ आमच्या तक्त्यात तो सुट्टीत गळालेला म्हणून लाल रंगात होता, आणि कॉलेज उघडताच नवा म्हणून हिरव्यात. वार्षिक योजना मागे घेतली, ‘सुट्टीत बंद ठेवा’ असं बटण घातलं. ते सुचवल्याचे पैसे त्याने मागितले नाहीत. एक महिना फुकट मागितला. तोही मेस चालू असतानाचा.