ठोक्यावर उमटणारी यादी : आधी हिशेब, मग शब्द

पाच मुद्द्यांच्या चित्रफितीत प्रत्येक मुद्दा संगीताच्या ठोक्यावर पडद्यावर उमटायचा असेल, तर संहिता लिहिताना शब्दांआधी ठोके मोजावे लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या संगीतात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर त्याच्या वाट्याला साडेबारा फ्रेम येतात. मात्र अर्धी फ्रेम दाखवता येत नाही. प्रत्येक ठोका १२ फ्रेमचा धरल्यास ४४ ठोक्यांनंतर येणारा शेवटचा मुद्दा २२ फ्रेम, म्हणजे जवळपास एक सेकंद आधीच झळकतो. मिनिटाला १२५ ठोक्यांचे संगीत निवडल्यास प्रत्येक ठोका नेमका १२ फ्रेमचा होतो.

संगीताची गती कायम ठेवूनही मुद्द्यांमधील अंतर घटवत नेल्यास वेग वाढल्याचे जाणवते. पाच मुद्द्यांना अनुक्रमे १६, १२, ८, ८ आणि ४ ठोके दिल्यास पहिला मुद्दा सुमारे पावणेआठ सेकंद टिकतो, तर शेवटचा दोन सेकंदांहूनही कमी. सेकंदाला दोन शब्द या बेताने शेवटच्या मुद्द्यात तीनच शब्द मावतात. त्यामुळे स्पष्टीकरण लागणारा मुद्दा आरंभी आणि वाचकाच्या ओळखीचा मुद्दा अखेरीस ठेवावा. वाचून होण्यापूर्वीच मजकूर नाहीसा होत असेल, तर ठोके न वाढवता शब्द कमी करावेत.