तोंड आलंय म्हणता म्हणता

परवा बेल्याहून एक बाई दाखवायला आल्या. कित्येक महिने तोंड आलेलं, दुधात कुस्करलेली भाकरीही गिळवेना. "उष्णता झाली म्हणाले," त्या पुटपुटल्या. पिशवीत बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. पाठीवर फोड उठले तेव्हा कुठे त्यांना पुढे पाठवलं. निघाला पेम्फिगस. त्याच्या निदानाला अजून असा उशीर होतो, याची चीड येते.

1950च्या दशकात स्टिरॉइड येईपर्यंत या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. पुढे ते वाचू लागले, पण रोजच्या मोठ्या डोसांनी साखर वाढे, हाडं ठिसूळ होत. ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचांनी 'पल्स' उपचार रूढ केले, आणि नव्वदचं दशक आम्ही त्यावरच काढलं. सलग तीन दिवस 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाइनमधून, एका दिवशी सोबत सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर 28 दिवसांनी पुन्हा तेच. शेजारच्या खाटांवरचे रुग्ण महिन्यामागून महिने भेटत, एकमेकांना धीर देत. नव्या रुग्णाला जुन्याची बरी झालेली पाठ दाखवता येई. तो वॉर्ड आता राहिला नाही. पण सायक्लोफॉस्फामाइडने काही तरुण बायकांची पाळी कायमची थांबली, आणि त्याची कल्पना त्यांना आधी नीट दिली जात नसे, हा राग मनातून गेलेला नाही. आता रिटुक्सिमॅबच्या दोन सलाइनी पंधरा दिवसांच्या अंतराने देऊनही अनेकांचा आजार आटोक्यात येतो.

निदान मात्र तिथेच अडकलंय. भाजल्याचा फोड भाजल्या जागीच येतो, टम्म असतो, सहसा दोन आठवड्यांत सुकतो. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात उठते. पेम्फिगसमध्ये शरीराचीच प्रतिपिंडं कातडीच्या पेशींना जोडणाऱ्या प्रथिनावर उलटतात. फट वरच्या थरातच पडते, म्हणून फोडाचं आवरण पातळ आणि लुळं असतं, कपडा घासला तरी फुटतं. फोडाजवळची धडधाकट दिसणारी कातडी बोटाने दाबून सरकवली तर सुटून येते. तोंडात तर अख्खा फोड क्वचितच दिसतो. दिसते ती फुटल्यानंतरची वेडीवाकडी, सोललेली जखम. साधा छाला गोल असतो, दहा-पंधरा दिवसांत भरतो. ही जखम भरत नाही, आणि बहुतेकांत कातडीवर फोड येण्याच्या कित्येक महिने आधी तोंडातच सुरू होते.

खात्री करायला दोन तुकडे काढावे लागतात: एक ताज्या फोडाच्या कडेचा, दुसरा शेजारच्या चांगल्या कातडीचा. पहिला फॉर्मेलिनमध्ये जातो. दुसऱ्यात प्रतिपिंडं शोधायची असतात. तोही फॉर्मेलिनमध्ये टाकला की तपासणी वाया जाते. बेल्याच्या बाईंचा आधी कुठेतरी काढलेला तुकडा असाच वाया गेला होता. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर जीवनसत्त्वाची आणखी एक पट्टी लिहून देण्याचा हक्क कुठल्याच डॉक्टरला नाही. त्याने त्याच दिवशी रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं पाहिजे.