पट, निकाल आणि दोन पानांचा बायोडाटा

मुख्याध्यापकपदासाठी येणारे बहुतेक बायोडाटे एकाच साच्यातले असतात. वरती फोटो, मग शिक्षण, मग ‘21 वर्षांचा प्रदीर्घ अनुभव’, त्याखाली स्काउट-गाइडपासून निवडणूक कामापर्यंतच्या प्रमाणपत्रांची रांग. निवड समितीवरच्या माणसाला हवे असते ते मात्र यात सापडत नाही. ही व्यक्ती जिथे होती तिथे मुले टिकली का, शिक्षक टिकले का, दहावीचा निकाल खरोखर कसा होता आणि तपासणीला अधिकारी आले तेव्हा फायली जागेवर होत्या का, हे त्याला कळून घ्यायचे असते.

पण असा बायोडाटा कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती 1977च्या कायद्याने आणि त्याखालच्या 1981च्या नियमावलीने ठरतात. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर आणि बीएड हवा, शिकवण्याचा किमान 5 वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातली 2 वर्षे बीएडनंतरची हवीत, असे ही नियमावली सांगते. पुढची अट जास्त महत्त्वाची आहे. पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ, त्यालाच ही जागा द्यायची असते. तिथे निकाल लागतो तो ज्येष्ठता यादीवर. चांगल्या बायोडाट्याने यादीतला क्रमांक वर सरकत नाही.

बायोडाटा कामाला येतो तो इतर ठिकाणी. शाळेत पात्र शिक्षकच नसेल, शाळा नव्याने उघडत असेल, किंवा संस्था अल्पसंख्याक असेल तेव्हा. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक आपल्या पसंतीने निवडण्याची मोकळीक 1977च्या कायद्यातच आहे. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळाही सहसा जाहिरात देऊन मुलाखतीनेच प्राचार्य घेतात.

एक कल्पित उमेदवार घेऊ. नाशिकजवळच्या एका सेमी-इंग्रजी शाळेतल्या पर्यवेक्षिका. त्यांना एका अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. पहिल्या मसुद्यात पटाबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘माझ्या कार्यकाळात पटसंख्येत 6 टक्के वाढ.’ हिशोब चूक नाही. 2021च्या सप्टेंबरात शाळेत 612 मुले होती, 2024च्या सप्टेंबरात 648. तारीखही त्यांनी बरोबर पकडली, कारण यू-डायसची माहिती आणि संचमान्यता दोन्हींसाठी 30 सप्टेंबरचाच पट धरतात. जूनचा आकडा लिहिणारा उमेदवार इथेच अडकतो. जूनमध्ये नाव घालून ऑगस्टमध्ये दाखला नेणारी मुले त्याच्या आकड्यात मोजलेली असतात आणि यू-डायसवर ती दिसत नाहीत.

तरीही ही ओळ कच्चीच आहे. 2023 साली संस्थेने पहिलीची एक जादा तुकडी उघडली होती. वर्षभरात पहिली आणि दुसरी मिळून जादा तुकड्यांतली मुले झाली 64. ती वजा केली तर 612ची शाळा 584वर आली होती. म्हणजे ज्या वर्गांशी पर्यवेक्षिकेचा संबंध होता तिथे पट घटला होता आणि वाढ झाली ती संस्थेच्या निर्णयाने. अनुभवी शिक्षणाधिकारी समितीवर असेल तर तो इयत्तावार पट मागतो आणि दोन मिनिटांत हे ओळखतो.

बाईंकडे दाखवण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच होती. सातवी संपली की मुले शाळा सोडत. 2021-22च्या सातवीत 58 मुले होती, त्यांतली 41च आठवीत आली. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण लिहायची जागा असते आणि तिथे वर्षानुवर्षे ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिले जाते. बाईंनी दाखला मागायला आलेल्या प्रत्येक पालकाला समोर बसवून विचारले. दोनच कारणे पुन्हा पुन्हा आली. नववी-दहावीला विज्ञानाचा शिक्षक वर्षभर नव्हता, आणि माध्यमिकचे वर्ग दुपारच्या सत्रात असल्याने हिवाळ्यात मुली अंधार पडता पडता घरी पोचत. माध्यमिकचे वर्ग सकाळी आणायचा प्रस्ताव बाईंनी दिला, वेळापत्रक स्वतः बसवले, मुख्याध्यापकांनी ते मान्य केले. विज्ञानाची जागाही भरली गेली. 2023-24च्या सातवीतल्या 60 पैकी 54 मुले आठवीत आली.

बायोडाट्यात यायला हवी ती ही ओळ: सातवीतून आठवीत टिकण्याचे प्रमाण 58 पैकी 41 वरून 60 पैकी 54 वर, सत्रबदलाचा प्रस्ताव व वेळापत्रक माझे, मंजुरी मुख्याध्यापकांची. एकूण पट लिहायचाच असेल तर जादा तुकडीचा उल्लेख करून लिहावा. श्रेय वाटून दिल्याने उमेदवार लहान होत नाही. त्याच्या बाकीच्या ओळींवरही विश्वास बसतो.

निकालाच्या बाबतीत फसवणूक आणखी सोपी आहे. राज्याचा दहावीचा निकाल 2023 साली 93.83 टक्के, 2024 साली 95.81 टक्के आणि 2025 साली 94.10 टक्के लागला. अशा राज्यात ‘शाळेचा निकाल 95 टक्के’ याचा अर्थ शाळा सर्वसाधारण आहे, एवढाच. त्यामुळे उमेदवार ‘100 टक्के’कडे धावतात. शंभर टक्क्यांचा एक जुना मार्ग प्रत्येक शाळेला ठाऊक आहे: नववीत कच्ची दिसणारी मुले शाळेच्या पटावरून काढायची आणि बाहेरून 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगायचे. मुले परीक्षा देतात, पण खासगी विद्यार्थी म्हणून. शाळेचा निकाल चकचकीत राहतो.

म्हणून जाणकार माणूस टक्का बाजूला ठेवून आधी नववीचा पट विचारतो. दोन शाळा समोर ठेवा. पहिल्या शाळेत नववीला 46 मुले, परीक्षेला 38 बसली, 38 पास, निकाल 100 टक्के. दुसऱ्या शाळेत नववीला 46, परीक्षेला 46, पास 44, निकाल 95.65 टक्के. नववीच्या पटावर मोजले तर पहिली शाळा 83 टक्क्यांच्या आत येते आणि दुसरी आपल्या 95.65 वरच राहते. आपल्या पर्यवेक्षिकेची शाळा दुसऱ्या प्रकारची होती. मसुद्यात मात्र त्यांनी निकालाची ओळ शेवटी, बारीक अक्षरात टाकली होती. त्यांना 95चीच लाज वाटत होती! ती ओळ वर आणून तिच्यात नववीचा पट, परीक्षेला बसलेली मुले आणि उत्तीर्ण मुले असे तीन आकडे एकापुढे एक मांडायला हवेत.

विषयाचे गुण द्यायचे तर आणखी एक सावधगिरी हवी. दहावीच्या बहुतेक विषयांत 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत असतात. अंतर्गत गुण शाळाच देते आणि ते सढळ हाताने देते, हे समितीलाही ठाऊक असते. शाळेने मंडळाला पाठवलेले अंतर्गत गुण एकूण गुणांतून वजा केले की लेखीची सरासरी हाती येते. गणिताची लेखीची सरासरी तीन वर्षांत 80 पैकी 34 वरून 41 वर गेली, असे लिहिणारा उमेदवार क्वचितच भेटतो. ‘गणिताचा निकाल उल्लेखनीय’ या शब्दांपेक्षा हा आकडा समितीला जास्त सांगतो. तो विषय उमेदवार स्वतः शिकवत होता की दुसऱ्या शिक्षकाकडून करवून घेत होता, हेही त्याच ओळीत यावे. मुख्याध्यापक म्हणून दुसऱ्याकडून करवून घेणेच जास्त लागणार आहे.

शिक्षकांचे नेतृत्व हा बायोडाट्यातला सगळ्यांत पोकळ भाग असतो. ‘28 शिक्षकांच्या टीमचे नेतृत्व’ म्हणजे शाळेत 28 शिक्षक होते. पर्यवेक्षकाच्या कामाचा पुरावा असतो लॉगबुकमध्ये, म्हणजे पाठ निरीक्षणाच्या वहीत. तिथल्या नोंदी ‘पाठ चांगला झाला, फलकलेखन सुधारावे’ एवढ्यावर थांबत असतील तर किती पाठ पाहिले याला अर्थ नाही. बाईंनी एका सत्रात 31 पाठ पाहिले आणि त्यातले 12 महिनाभरात पुन्हा जाऊन पाहिले. या दुसऱ्या फेरीचा आकडाच लिहिण्याजोगा आहे.

विनाअनुदानित शाळांत वर्षाच्या मध्येच शिक्षक निघून जाणे ही मोठी डोकेदुखी असते. या शाळेत एका वर्षी 7 शिक्षक मध्येच गेले, दोन वर्षांनी फक्त 2. मसुद्यात याचे सगळे श्रेय बाईंनी घेतले होते. पण त्याच काळात संस्थेने पगारही वाढवले होते. तेवढे जोडून लिहिले की मुलाखतीत येणाऱ्या ‘हे कसे केलेत?’ या प्रश्नाला घाबरायचे कारण उरत नाही. एखाद्या शिक्षकावर कारवाई झाली असेल तर नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र कागदावर येता कामा नये. गोपनीय अहवाल गोपनीयच राहावेत.

नियमपालनाच्या रकान्यात ‘सर्व शासकीय नियमांचे पालन केले’ हे वाक्य हमखास असते आणि ते कोणी वाचत नाही. काय लटकले होते आणि ते कधी पूर्ण केले, हे लिहिता येते. राज्याच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावे लागते. असंख्य शाळांत जानेवारीचे असते आणि जुलैचे राहून जाते. शाळेच्या बसगाड्यांसाठी परिवहन समिती लागते आणि तिचे अध्यक्षपद शाळाप्रमुखाकडेच असते. फीवाढ करायची तर 2011च्या शुल्क कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडावी लागते आणि प्रस्ताव तिच्यासमोर ठेवावा लागतो. 2024 साली बदलापूरची घटना घडल्यापासून मुलामुलींच्या सुरक्षेच्या फायली तर अधिकारी सर्वांत आधी उघडतात: सखी सावित्री समितीची इतिवृत्ते, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, सीसीटीव्ही.

यातले सगळे पर्यवेक्षिकेच्या हातात नसते. फीचा प्रस्ताव संस्थेचा असतो, अग्निशमनाचे बिल सचिव मंजूर करतात. बाईंनी स्वतः केले ते दोन गोष्टींत: सखी सावित्री समितीच्या बैठकांची इतिवृत्ते नियमित लिहवून घेतली आणि शिपाई, बसचालक, मदतनीस अशा सगळ्यांची पोलीस पडताळणी एका शैक्षणिक वर्षात पूर्ण केली. या दोनच ओळी पुरेत. परिवहन समितीचा उल्लेख करायचा तर ‘सदस्य’ म्हणून. ‘अध्यक्ष’ म्हटले तर एका फोनमध्ये खोटे ठरते.

हा सगळा मजकूर दोन पानांत बसतो. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स वेगळ्या. त्यांच्यासोबत तीन वर्षांचा यू-डायस अहवाल आणि मंडळाचा शाळानिहाय निकाल जोडावा, पण मुलांची नावे, आधार क्रमांक किंवा जातीचे तपशील असलेले एकही पान जाऊ देऊ नये. असे पान जोडणारा उमेदवार त्याच क्षणी नापास होतो, आणि व्हायलाही हवा.

पहिल्या पानावर, नाव-पत्त्याच्या खाली, एक ओळ बहुतेक जण विसरतात: रुजू होण्याची तारीख. कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी 3 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जाहिरात एप्रिलमध्ये निघते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. एप्रिलच्या शेवटी निवड झालेल्या बाई नियमाने जुलैच्या अखेरीलाच मोकळ्या होतात, मधल्या काळात शाळा कोण चालवणार हा प्रश्न समितीपुढे असतोच. जुनी संस्था नोटिशीचा काळ कमी करायला तयार आहे का, हे अर्ज पाठवण्याआधीच विचारून ती तारीख तिथे लिहावी.