मॅकबुकवर गेम चालतो का? आधी गेमचं नाव सांगा

ॲपलच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर कसे चालतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते वाचून कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चिप एवढी दमदार आहे, मग मॅकबुकवर जीटीए का चालत नाही?

चालतो, पण अर्धाच. हा अर्धा का, ते नीट कळलं की बाकीच्या बहुतेक गेमचं उत्तर आपलं आपल्याला काढता येतं.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ पीसीवर २०१५ साली आला. मॅकसाठी तो कधीच निघाला नाही. इंटेलची चिप असलेल्या जुन्या मॅकवर बूट कॅम्प वापरून सरळ विंडोज टाकता यायचं आणि प्रश्न मिटायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आली आणि ती वाट बंद झाली. आता विंडोजचा गेम मॅकओएसच्या आतच चालवावा लागतो. त्यासाठी क्रॉसओव्हर नावाचं विकतचं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात एक ‘बॉटल’ बनवायची, म्हणजे विंडोजसारखा दिसणारा एक फोल्डर. त्यात विंडोजचं स्टीम टाकायचं आणि तिथून गेम उतरवायचा.

प्ले दाबल्यावर आत तीन दुभाषे एकदम कामाला लागतात. गेम विंडोजकडे फाइल मागतो, खिडकी उघडायला सांगतो, माऊस कुठे आहे ते विचारतो. ही सगळी मागणी वाइन हे सॉफ्टवेअर मॅकओएसच्या भाषेत करून देतं. गेमचा कोड इंटेल-एएमडीच्या चिपसाठी लिहिलेला असतो. त्याच्या सूचना रोझेटा २ ॲपलच्या चिपला समजतील अशा करते. चित्र काढण्याचे हुकूम डायरेक्टएक्समध्ये असतात आणि मॅकला फक्त मेटल कळतं, तेव्हा तिथे ॲपलचंच `D3DMetal` मध्ये पडतं. ॲपलने ते जून २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटमधून दिलं. उद्देश असा, की गेम बनवणाऱ्यांनी आपला गेम मॅकवर आणण्याआधी चाचपून पाहावा. खेळणाऱ्यांनी ते ताबडतोब पळवलं आणि क्रॉसओव्हरनेही आपल्यात घेतलं.

एवढी भाषांतरं करूनही जीटीएची स्टोरी १६ जीबी मेमरीच्या मॅकबुकवर खेळण्याजोगी चालते, हे मला आजही कौतुकाचं वाटतं. सुरुवातीला गाडी नव्या रस्त्यावर वळली की क्षणभर चित्र अडखळतं. त्या जागेचे शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तिथल्या तिथे मेटलसाठी बनवले जात असतात. त्याच रस्त्यावर पुन्हा आलात की अडखळणं बहुतेक गेलेलं असतं.

ऑनलाइनचं मात्र नाव काढू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर जोडलं. ते विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये उतरून पहारा देतं. वाइनकडे विंडोजचा दर्शनी भाग असतो, गाभा नसतो. तेव्हा बॅटलआय सुरूच होत नाही. स्टीममधल्या गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये हे टाकून ते बंद करता येतं:

```
-nobattleye
```

स्टोरी मग बिनबोभाट चालते, पण ऑनलाइनचं दार उघडत नाही. इथे एम४ मॅक्स असो की साधी एम१, निकाल तोच. व्हॅलोरंट आणि अलीकडचे कॉल ऑफ ड्यूटी याच कारणाने मॅकवर चालत नाहीत. काउंटर-स्ट्राइकची गोष्ट वेगळी आणि जास्त चीड आणणारी आहे. जुना सीएस:गो मॅकवर होता. २०२३ मध्ये त्याच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला, तेव्हा मॅक खेळणारे फार कमी आहेत म्हणून कंपनीने मॅकला वगळलं. तंत्राची अडचण एक वेळ सोडवता येते, हिशेबाची नाही.

आता दुभाष्याविना चालणारा गेम घेऊ. ‘सायबरपंक २०७७’ची खास ॲपलच्या चिपसाठी बनवलेली आवृत्ती जुलै २०२५ मध्ये आली. वाइन नाही, रोझेटा नाही, कोड थेट चिपवर चालतो. सेटिंगमध्ये त्या-त्या मॅकसाठी आधीच जुळवून ठेवलेला एक पर्यायही आहे. या गेमची किमान अट एम१ आहे, म्हणजे २०२० सालची चिप पास. पण त्याच ओळीत १६ जीबी मेमरी मागितली आहे. आपल्याकडे घराघरात दिसणारी एम१ एअर बहुतांशी ८ जीबीची असते आणि ती इथे बाद होते. मेमरी चिपसोबतच जडवलेली असल्यामुळे नंतर वाढवता येत नाही. जुना मॅकबुक घेणाऱ्याने चिपचा नंबर पाहण्याआधी हा आकडा पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बाल्डर्स गेट ३’, ‘रेसिडेंट ईव्हिल ४’, ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हेही असेच थेट चालणारे.

आपल्या मशीनवर गेम नीट चालतोय की नुसता चालतोय, हे डोळ्यांवर सोडू नका. टर्मिनल उघडून ही ओळ द्या आणि त्यानंतर स्टीम नव्याने सुरू करा:

```
/bin/launchctl setenv MTL_HUD_ENABLED 1
```

गेमच्या कोपऱ्यात मेटलचा छोटा फलक येतो. (काम झालं की त्याच ओळीत १ च्या जागी ० द्यायचं.) त्यात एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हा आकडा सगळे पाहतात. मी त्याच्या शेजारचा आलेख पाहतो. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं, ३० हवी असतील तर ३३.३ मध्ये. आलेखात मधेच एखादा सुळका उठून लगेच बसला, तर ते बहुधा शेडर. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं छान आणि मग ग्राफिक्सचा वेळ हळूहळू वर चढून तिथेच राहिला, तर ती उष्णता. मॅकबुक एअरमध्ये पंखा नसतो, शरीर तापलं की चिप स्वतःचा वेग उतरवते. म्हणून एअरवर घेतलेली पाच मिनिटांची चाचणी फसवी. तोच गेम, तीच चिप, पण पंखा असलेल्या प्रोमध्ये वेग टिकतो. तिसरी शक्यता मेमरीची. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशर पिवळं-लाल झालं आणि स्वॅप वाढत गेला, तर ब्राउझरच्या खिडक्या बंद करा आणि टेक्स्चर एक पायरी खाली आणा. उष्णतेची तक्रार असेल, तर रिझोल्यूशन कमी करा किंवा एफपीएस ३० वर बांधून टाका. ३० स्थिर असणं हे ६० आणि ३५ मध्ये झोके घेण्यापेक्षा हाताला बरं लागतं.

विकत घेताना स्टीमच्या पानावर ॲपलचं चिन्ह दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. मॅकओएस कॅटालिनाने २०१९ मध्ये ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणंच थांबवलं. त्याआधीचे कित्येक गेम आजही विक्रीला आहेत आणि उघडत नाहीत. पानावरची सूचना वाचा. शंका असेल तर घेऊन लगेच तपासा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल, तर स्टीम पैसे परत देतं. उष्णतेची अर्ध्या तासाची चाचणी त्यात आरामात बसते.

क्रॉसओव्हरवर संग्रह उभा करणाऱ्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवायची आहे. पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच मिळेल, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर तिचा एक भाग तेवढा राहणार आहे, आणि तोही ज्यांचं काम बनवणाऱ्यांनी सोडून दिलंय अशा जुन्या गेमसाठी.