उंची पाच फूट पाच इंच, उजव्या मांडीवर व्रण

१९३० च्या मे महिन्यात, मिठाचा सत्याग्रह ऐन भरात असताना, गांधीजींना दांडीजवळच्या कराडी गावातून मध्यरात्री अटक झाली. १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली ही अटक होती, त्यामुळे खटला नव्हता आणि ठरावीक मुदतीची शिक्षाही नव्हती. आगगाडीने बोरिवलीपर्यंत आणि पुढे मोटारीने त्यांना पुण्याला येरवडा तुरुंगात आणले. तिथे तुरुंगाच्या रिवाजाप्रमाणे त्यांची उंची मोजली गेली आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणा लिहिल्या गेल्या. लुई फिशर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या गांधीचरित्रात हा तपशील आहे. उंची पाच फूट पाच इंच. उजव्या मांडीवर व्रण, उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर लहान तीळ आणि डाव्या कोपराखाली वाटाण्याएवढा व्रण.

गांधीजींबद्दल हजारो पाने लिहिली गेली, पण त्यांच्या देहाबद्दल इतके कोरडे आणि नेमके बोलणारा मजकूर फार थोडा आहे. म्हणूनच तो जपून वाचावा लागतो. अशा नोंदीतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे तिथल्या चार तपशिलांवरूनच पाहता येते.

आधी, ही नोंद करतातच कशाला? १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या २४ व्या कलमात याचे उत्तर आहे. कैदी आत आला की त्याची झडती घ्यायची, आणि मग वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशानुसार तपासणी करून त्याची प्रकृती आणि अंगावरच्या जखमा व खुणा जेलरकडच्या वहीत लिहायच्या. यात दोन हेतू एकत्र आले आहेत. उद्या हा माणूस पळाला किंवा त्याच्या जागी दुसराच कोणी उभा राहिला, तर ओळख पटावी हा एक. आत येताना कोणती जखम अंगावर होती आणि कोणती नंतर झाली, हे कळावे हा दुसरा. ताजी जखम आणि जुना व्रण यांत फरक करून लिहिलेली नोंद म्हणूनच कैद्याच्याही उपयोगाची असते. मारहाणीची तक्रार झाली तर तीच पुरावा ठरते.

आता उंची. पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१ सेंटिमीटर. पण दशांशातला हा नेमकेपणा रूपांतरातून आलेला आहे, मोजमापातून नाही. पूर्ण इंचात लिहिलेल्या उंचीत अर्धा इंच इकडे किंवा तिकडे गेलेला असू शकतो. म्हणजे खरी उंची साधारण १६४ ते १६६ सेंटिमीटरच्या दरम्यान धरावी. शिवाय माणूस सकाळी उठतो तेव्हा जितका उंच असतो, त्यापेक्षा संध्याकाळी सुमारे एक सेंटिमीटर कमी भरतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. गांधीजी त्या वेळी साठ वर्षांचे होते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना उंची थोडीथोडी कमी होत जाते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तेव्हा येरवड्याचा आकडा साठाव्या वर्षीचा आहे. लंडनला बॅरिस्टरीसाठी गेलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मोहनदासची उंची म्हणून तो छापला, तर चूक होईल. तरुणपणी ते किंचित उंच असण्याचीच शक्यता अधिक.

या आकड्याच्या बाबतीत आणखी एक घोटाळा वारंवार होतो. जुन्या कागदावर फूट आणि इंच यांच्यामध्ये लहानशी खूण असते. नक्कल करणारा तिथे टिंब देतो आणि ‘५.५’ लिहितो. पुढचा माणूस ते साडेपाच फूट समजतो, आणि पाच फूट पाच इंचाचे पाच फूट सहा इंच होतात. सेंटिमीटरमध्ये १६५ च्या जागी १६७.६ येतात. एकाच नेत्याच्या दोन चरित्रांत असा एका इंचाचा फरक दिसला, तर वेगळ्या मोजमापाचा शोध घेण्याआधी हे टिंब तपासावे.

पासपोर्टातल्या उंचीचे वजन त्याहूनही कमी. तुरुंगात कैद्याला उभे करून मोजतात. पासपोर्टाच्या अर्जात उंची अर्जदार स्वतःच लिहीत असे. पुरुष आपली उंची थोडी वाढवून सांगतात, हे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसून आले आहे. शिवाय मुदत संपून नवा पासपोर्ट काढताना जुन्यावरचाच आकडा उतरवला जाऊ शकत असे, म्हणून वीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन पासपोर्टांवर तीच उंची दिसली तरी दोनदा मोजले असे समजू नये. ब्रिटिश अमदानीतल्या पासपोर्टात जन्मस्थळ, उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग आणि ‘दिसणाऱ्या खुणा’ असे रकाने असत. ‘दिसणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बंदरावरचा अधिकारी प्रवाशाचे कपडे उतरवणार नव्हता. म्हणून चेहरा, मान, हात यांवरच्याच खुणा त्याच्या कामाच्या.

आणि मुळात पासपोर्ट ज्याच्या हातात आहे त्याचाच असेल, असेही नाही. १९४१ साली काबूलहून बर्लिनकडे निघालेल्या सुभाषचंद्र बोसांच्या खिशात ‘ऑर्लांडो मॅझोटा’ या नावाचा इटालियन पासपोर्ट होता. त्यावर छायाचित्र सुभाषबाबूंचे होते, पण नाव आणि ओळख दुसऱ्याची. अशा कागदावरची उंची किंवा डोळ्यांचा रंग घेऊन सुभाषबाबूंचे वर्णन करणे योग्य होणार नाही.

पुन्हा येरवड्याकडे येऊ. मला त्या नोंदीत सर्वांत बोलके वाटते ते तिथे जे नाही ते. गांधीजींच्या अंगावर व्रण राहावेत अशा दोन घटनांची आपल्याला तारखेसह माहिती आहे. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना रस्त्यात मारले. गाल आणि वरचा ओठ फाटला आणि डॉक्टरांनी टाके घातले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. दुसरी घटना पुण्याचीच. १२ जानेवारी १९२४ रोजी याच येरवडा तुरुंगातून ससून रुग्णालयात नेऊन कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे आंत्रपुच्छ काढले. त्या काळच्या शस्त्रक्रियेचा व्रण पोटाच्या उजव्या बाजूला खाली राहतो आणि सहा वर्षांत तो नाहीसा होत नाही. तरीही १९३० चे जे वर्णन चरित्रात आले आहे, त्यात ना ओठाचा व्रण आहे, ना पोटाचा.

यावरून कोणी म्हणेल की मारहाणीची जखम किरकोळ असावी, किंवा नोंद निष्काळजी आहे. मला दोन्ही पटत नाही. ओठावर मिशी होती आणि मध्ये बावीस वर्षे गेली होती. पोटावरचा व्रण पंचाखाली झाकला जाणारा होता. उलट नोंदवलेल्या तिन्ही जागा पाहा. पापणी, कोपराखालचा हात आणि मांडी. १९२१ च्या सप्टेंबरपासून गांधीजी आखूड पंचा नेसत होते, म्हणजे मांडीही बव्हंशी उघडीच. वही लिहिणाऱ्याने समोर उभ्या माणसावर चटकन सापडतील अशा दोन-तीन खुणा घेतल्या असाव्यात आणि ओळखीला तेवढ्या पुरेशा मानल्या असाव्यात, हा माझा तर्क आहे. अशी नोंद म्हणजे शरीराची संपूर्ण यादी नसते. नोंदलेली खूण होती, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. न नोंदलेली खूण नव्हती, असे म्हणता येत नाही. चरित्रकारांची गफलत होते ती बहुधा इथेच.

खुणेमागचे कारणही वही सांगत नाही. मांडीवरचा व्रण कशाचा, कोपराखालचा कशाचा, यावर एक शब्द नाही. माहीत असलेल्या एखाद्या प्रसंगाशी तो जोडून देण्याचा मोह होतो. पण दोन्ही व्रण गळवाचे, पडण्याचे, भाजण्याचे काहीही असू शकतात. ‘वाटाण्याएवढा’ हेही माप नव्हे, डोळ्यांचा अंदाज आहे.

डावे-उजवे मात्र काळजीने तपासण्यासारखे आहे. नोंदीत उजवा म्हणजे कैद्याचा उजवा. समोर उभ्या लिहिणाऱ्याला तो डाव्या हाताला दिसतो, आणि घाईत उलटे लिहिले जाते. पापणीवरचा तीळ इथे कामाला येतो. गांधीजींच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले स्वच्छ छायाचित्र असेल आणि तीळ डाव्या डोळ्याखाली दिसत असेल, तर दोहोंपैकी एक उलटे आहे. एक तर निगेटिव्ह उलटी धरून छापली, किंवा वहीत बाजू चुकली. निर्णय एका छायाचित्रावर करू नये. मागे पाटी किंवा अक्षरे दिसत असतील अशी छायाचित्रे घ्यावीत, कारण अक्षरे सरळ असली की छपाई सरळ असते.

रंग, बांधा, चेहरेपट्टी यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम’ हे शब्द आपण हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींत रोज वाचतो, आणि ते अर्ध्या महाराष्ट्राला लागू पडतात.

अंगावरच्या खुणा लिहून देण्याचा प्रश्न गांधीजींच्या आयुष्यात येरवड्याच्या कितीतरी आधी आला होता. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने आशियाई लोकांच्या नोंदणीचा जो मसुदा काढला, त्यात प्रत्येक हिंदी माणसाच्या अंगावरच्या ठळक खुणा टिपण्याची आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. कोणताही गुन्हा न करता प्रत्येकाने गुन्हेगारासारखे मोजून घ्यावे, हे त्यांना मान्य झाले नाही. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधल्या सभेत हा कायदा न मानण्याची शपथ घेतली गेली, आणि सत्याग्रहाची सुरुवात तिथून मोजतात. कायदा मोडून तुरुंगात जाणे मात्र त्यांनी स्वतः पत्करलेले होते, आणि तिथले नियम पाळणे ही ते सत्याग्रह्याची शिस्त मानत. म्हणून येरवड्याची उंची आणि तीळ वाचताना मला त्यात अपमान दिसत नाही. ट्रान्सवालमध्ये तीच नोंद संपूर्ण समाजावर लादली जात होती, आणि तिथे ती नाकारणे योग्यच होते.

महाराष्ट्रात कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचे तुरुंगातले दाखले, सुटकेचे कागद, जुने पासपोर्ट ट्रंकेत पडून आहेत. ते उतरवून काढाल तेव्हा उंची कागदावर आहे तशीच फूट-इंचांत लिहा, हवे तर सेंटिमीटर कंसात द्या. नोंदीची तारीख आणि त्या दिवशीचे वय सोबत लिहा. डावे-उजवे स्वतःच्या समजुतीने दुरुस्त करू नका. आणि जो रकाना कोरा आहे, तो कोराच ठेवा.