हुमनाबादचा पगार, पटनचेरूचं काम

नोटीस पिरियडचा हिशोब या आठवड्यात मांडणार होतो, तो पुढे ढकलतो. भालकीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्याचा प्रश्न आठवडाभर थांबणारा नव्हता. ऑफर लेटरवर सही करायला त्याला सहाच दिवस दिले होते.

हा मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला. चार वर्षं हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत एका बल्क ड्रग कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये आहे. बीदर जिल्ह्यातल्या अशा मुलांची वाट ठरलेली असते. पहिली नोकरी हुमनाबाद किंवा कोळारला, आणि हात बसला की हायवे धरून जहीराबादच्या पुढे पटनचेरू, पाशमैलारम, बोल्लारम. याला पटनचेरूच्या बाजूची ऑफर आली, वर्षाला 4,20,000 ची. हुमनाबादला त्याची ठोस रक्कम 24,500 आहे, म्हणून आकडा पाहून घरात पेढे वाटले. मग त्या भागात आधीपासून असलेल्या मित्रांनी सांगितलं की हे कमी आहे. ‘फोनवर मागायला तोंड उघडना, आन लिहाव तर काय लिहाव ते कळना सर,’ असं त्याचं शेवटचं वाक्य.

आधी ऑफर उलगडू. नेहमीचे वाचक सीटीसी म्हणजे काय हे विसरले नसतील, म्हणून थेट आकड्यांवर येतो. 4,20,000 म्हणजे महिना 35,000. त्यातले 2,500 व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेरी साहेबाच्या शेऱ्यावर अवलंबून. 1,800 हा कंपनीच्या वाट्याचा पीएफ, 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के. 841 ग्रॅच्युइटीची तरतूद. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं सलग काम केल्यावरच हाती येते, आणि या धंद्यात तिशीच्या आतला केमिस्ट पाच वर्षं एका जागी बसलेला मी फारसा पाहिला नाही. 500 विम्याचे. हे सगळे 5,641 बाजूला काढले की ठोस मासिक रक्कम 29,359 उरते. त्यातून स्वतःच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि तेलंगणाचा व्यवसाय कर 200 गेला की हातात 27,359.

दरांची सगळी तुलना 29,359 या एकाच आकड्यावर करायची. 35,000 वरही नाही आणि 27,359 वरही नाही. मुलं इथेच घसरतात. एक मित्र सीटीसी सांगतो, दुसरा हातात पडणारा पगार सांगतो, तिसरा ओव्हरटाइम धरून सांगतो, आणि या तिन्हींची सरासरी काढून ‘मार्केट रेट’ म्हणून पत्रात टाकली जाते.

या मुलाने पाच जणांना विचारलं होतं. आकडे आले 33,500, 35,000, 35,500, 38,000 आणि 42,000. मी एकेकाची चौकशी करायला लावली. 42,000 हा सीटीसी निघाला, म्हणून गळला. 38,000 वाल्या ताईंना सहा वर्षं झालेली आणि त्यांच्या हाताखाली तीन केमिस्ट, म्हणून तोही गळला. उरलेले तिघे त्याच पट्ट्यातले, चारच्या आसपास वर्षांचे, एचपीएलसीवर बसणारे. त्यांचे आकडे ठोस रकमेचे. हा खरा दर.

कलबुर्गीच्या बाजार समितीत तूर घेऊन गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर एखाद्या निवडक, कोरड्या, एकसारख्या दाण्याच्या ढिगाला मिळालेला असतो. आपल्या ओलसर पोत्यांपुढे उभं राहून कमाल दर सांगणाऱ्याकडे अडत्या बघतही नाही. आपल्या प्रतीच्या मालाचा सर्वसाधारण दर सांगितला की त्याला बोलावंच लागतं.

आता एचआर काय म्हणतं ते पाहू. त्यांनी मुलाखतीतच सांगितलं होतं की सध्याच्या पगारावर आम्ही वीस टक्के वाढ देतो. हिशोब बरोबरच आहे, 24,500 वर वीस टक्के म्हणजे 29,400. पण हा दर हुमनाबादचा आहे आणि काम पटनचेरूचं. मागची नोकरी स्वस्तात केली म्हणून पुढचीही स्वस्तात करायची, एवढंच त्या टक्क्यांमागे आहे. म्हणून उत्तरात टक्क्यांची भाषाच आणायची नाही. ‘मला चाळीस टक्के हवेत’ असं लिहिलं की आपणच त्यांच्या मापात जाऊन बसलो.

मात्र सध्याचा पगार फुगवून सांगायचा नाही. पटनचेरूच्या कंपन्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप मागतात, बहुतेक जण बँकेचं स्टेटमेंटही मागतात, आणि पीएफच्या पासबुकात मागच्या नोंदी दिसतातच. खोटं सापडलं तर ऑफर जाते, आणि क्यूसीच्या माणसाचं खोटं सापडलं तर त्याच्या नोंदवहीवर कोण विश्वास ठेवणार?

त्याने मला पहिला मसुदा पाठवला होता. त्यात घरभाडं होतं, बहिणीचं लग्न होतं, शेतीवरचं कर्ज होतं, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ होतं. या गोष्टी खऱ्या असतील, पण पत्र कोणाच्या टेबलावर जाणार आहे याचा त्यात विचार नव्हता. एचआरची मुलगी स्वतःच्या अधिकारात पगार वाढवत नाही. ती तो मेल क्यूसी प्रमुखाकडे पाठवते, तो ‘हा माणूस हवाय’ म्हणाला तर पुढे हिशोब खात्याकडे जातो. म्हणजे आपला मेल अशा दोन माणसांनी वाचायचा असतो ज्यांच्याशी आपण पगाराबद्दल बोललेलो नाही. त्यांच्यापैकी कोणाला बहिणीच्या लग्नाचा उल्लेख करून खर्च मंजूर करता येत नाही. मंजुरीच्या कागदावर लिहिता येईल असं कारण आपणच तयार करून द्यायचं. लेखी उत्तराचा आग्रह मी यासाठीच धरतो. फोनवर सांगितलेलं कारण एचआरच्या तोंडून पुढे जाताना ‘कँडिडेट जास्त मागतोय’ एवढंच उरतं.

मग कौशल्याचा भाग. मसुद्यात ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा’ असं होतं. त्याला विचारलं, गेल्या दोन वर्षांत असं काय केलंस जे तुझ्या शेजारच्या बेंचवरचा करत नाही? उत्तर लगेच आलं. मेथड व्हॅलिडेशनचे प्रोटोकॉल तो स्वतः लिहितो, ओओएसचा, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेल्या निकालाचा, प्राथमिक तपास त्याच्याकडे असतो, आणि परदेशी ऑडिटच्या वेळी लॅबच्या कागदपत्रांबद्दल त्याने तपासनिसासमोर उत्तरं दिली आहेत. जाहिरातीत पहिल्या दोन गोष्टी मागितलेल्याच होत्या. क्यूसी प्रमुखाला त्यातून कळतं की या माणसाला शिकवायला चार महिने घालवावे लागणार नाहीत.

इथे एका गोष्टीत जपून राहायचं. ऑडिटचा उल्लेख करावा, पण कोणत्या औषधावर, कोणत्या ग्राहकासाठी, तपासनिसाने काय त्रुटी काढल्या, हे लिहू नये. जुन्या लॅबमधलं तो इथे सांगतोय म्हणजे उद्या आमचंही सांगेल, असा विचार वाचणाऱ्याच्या मनात येतो, आणि तो रास्तच आहे.

पत्र इंग्रजीत गेलं. त्याचा मराठी मजकूर असा:

‘4 तारखेचं ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. मुलाखतीत स्टॅबिलिटी विभागाचं काम समजलं आणि ते करायची इच्छा आहे. एका मुद्द्यावर फेरविचाराची विनंती करतो. प्रस्तावात दरमहाची ठोस रक्कम 29,359 आहे. याच औद्योगिक पट्ट्यात, एवढ्याच अनुभवाच्या आणि एचपीएलसीवर स्वतंत्र काम करणाऱ्या केमिस्टसाठी मला समजलेली ठोस रक्कम 33,500 ते 35,500 आहे. जाहिरातीत मागितलेले व्हॅलिडेशनचे प्रोटोकॉल आणि ओओएसचा तपास ही दोन्ही कामं मी सध्या स्वतः करतो, शिवाय परदेशी ऑडिटचा प्रत्यक्ष अनुभव आहे. त्यामुळे दरमहाची ठोस रक्कम 36,000 करावी ही विनंती. स्वीकृतीची मुदत सोमवारपर्यंत वाढवून मिळाल्यास उपकृत होईन. सुधारित पत्र आल्यास त्याच दिवशी स्वीकृती कळवीन.’

एवढंच. त्याला दोन शंका होत्या. 36,000 हा आकडा त्याच्याच दरांपेक्षा वर कसा? तर वरचे 500 ऑडिटच्या अनुभवाचे, आणि ते कारण पत्रात आहे. कारणाशिवाय वर गेलो असतो तर मी अडवलं असतं. दुसरी शंका, ‘35 ते 37’ असं लिहू का? नाही. समोरचा 35 च वाचतो. खालची मर्यादा मात्र मेल पाठवण्याआधी ठरवून वहीत लिहायला सांगितली. त्याने 33,000 लिहिले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. या ग्रेडला एवढी रक्कम बसत नाही, त्याच्याआधी रुजू झालेल्यांच्या पगाराशी ताळमेळ राहणार नाही, असं सांगितलं. हे कारण बहुधा खरं असतं, त्यावर वाद घालू नये. त्याने ठरल्याप्रमाणे विचारलं, व्हेरिएबलची रक्कम ठोस रकमेत घेता येईल का? कंपनीला हे सोपं जातं, कारण 2,500 आधीच धरलेले असतात. दोन दिवसांनी 33,500 वर आले. म्हणजे कंपनीने महिन्याला नवे 1,641 घातले, सीटीसी 4,39,692 झाला, आणि याच्या हातात 27,359 ऐवजी 31,500 पडणार. व्हेरिएबल संपलं.

प्रत्येक वेळी असं होत नाही. कॅम्पसमधून एकाच रकमेला वीस मुलं घेतली असतील तर एकाला जास्त देता येत नाही. सरकारी आणि अनुदानित जागेवर वेतनश्रेणी ठरलेली असते. कल्याण कर्नाटकात 371(जे) मुळे जागा राखीव मिळते, पगार बोलून वाढत नाही. कधी कंपनी ‘हेच शेवटचं’ म्हणून मोकळी होते. एवढ्या सौम्य पत्रावर ऑफर काढून घेतल्याचं उदाहरण क्वचितच कानावर येतं, पण पूर्ण अशक्य नाही, म्हणून दुसरी नोकरी हातात नसताना मी हाच मजकूर आणखी मवाळ करायला सांगतो.

या मुलाचं सुधारित पत्र गुरुवारी आलं. त्यात ठोस रक्कम बरोबर होती, पण व्हेरिएबलची जुनी ओळ चुकून तशीच राहिली होती, आणि दोन्ही मिळून बेरीज सीटीसीच्या पुढे जात होती. तो खूश होऊन सही करणार होता. मी थांबवलं. बेरीज न जुळणाऱ्या पत्रावर पहिल्या पगाराला भांडण होतं, आणि ते भांडण कमी रकमेच्या बाजूनेच सुटतं. त्याने ओळ दुरुस्त करून मागितली, तासाभरात नवीन पीडीएफ आली, त्यावर सही केली, आणि तेव्हाच हुमनाबादला राजीनामा दिला.